पीडीएफमधील मराठी सादरीकरण पुन्हा संपादनयोग्य स्लाइडमध्ये आणताना : मजकूर चित्र होऊन येतो किंवा अक्षरे विस्कटतात, त्यावरील उपाय

सांगली आणि तासगाव परिसरात द्राक्ष आणि बेदाणा यांविषयी शेतकऱ्यांसाठी जी प्रशिक्षणे होतात, त्यांची सादरीकरणे वर्षानुवर्षे हातोहात फिरतात, आणि बहुतेक वेळा मूळ पॉवरपॉइंट फाइल हरवून केवळ पीडीएफ उरते. पुढच्या हंगामात दोन आकडे बदलायचे असतात, एखादा जुना मुद्दा काढायचा असतो, म्हणून ती पीडीएफ एखाद्या रूपांतर करणाऱ्या संकेतस्थळावर चढवली जाते. तिथून पीपीटीएक्स फाइल मिळते, ती उघडतेही, पण मजकुरावर क्लिक केले की संपूर्ण स्लाइड एकाच चित्रासारखी निवडली जाते. कधी मजकुराच्या चौकटी मिळतात, पण प्रत्येक ओळ वेगळ्या चौकटीत असते आणि मराठी अक्षरे जागा सोडून बसलेली असतात. हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आणि प्रत्येक वेळी दुसरे संकेतस्थळ शोधले जाते, जे व्यर्थ आहे. दोष बहुधा रूपांतर करणाऱ्या साधनात नसून त्या पीडीएफच्या आत मजकूर कोणत्या रूपात साठवला आहे यात असतो. ते रूप ओळखल्याशिवाय योग्य मार्ग निवडता येत नाही.

उदाहरण म्हणून बेदाणा निर्मितीवरील अठरा स्लाइडचे एक सादरीकरण घेऊ आणि त्या फाइलला `bedana.pdf` म्हणू. अशा जुन्या सादरीकरणांत जे प्रकार एकत्र आढळतात, ते सर्व या एकाच फाइलमध्ये आहेत असे धरून चालू.

आधी पीडीएफच्या आत काय आहे ते पाहावे

सर्वांत सोपी चाचणी कोणत्याही साधनाशिवाय होते. पीडीएफमधील एक वाक्य माउसने निवडावे, कॉपी करावे आणि नोटपॅडमध्ये चिकटवावे. मजकूर निवडताच आला नाही, तर ते पान चित्र आहे किंवा त्यातील अक्षरे केवळ रेषाकृती झालेली आहेत. मजकूर निवडता आला, पण नोटपॅडमध्ये `lkaxyh` किंवा `lkrkjk` अशी रोमन अक्षरांची रांग दिसली, तर तो कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधील मजकूर आहे. वरच्या दोन रांगा म्हणजे कृतिदेवमधील सांगली आणि सातारा. देवनागरी अक्षरे आली पण वेलांट्या आणि रफार भलतीकडे गेले, तर मजकूर युनिकोड फॉन्टमधला आहे, मात्र पीडीएफ तयार होताना त्याचा क्रम बिघडला आहे.

अधिक नेमकी माहिती हवी असल्यास पॉपलर या मोफत संचातील तीन आज्ञा पुरेशा आहेत. उबुंटूवर हा संच `poppler-utils` या नावाने मिळतो आणि विंडोजसाठीही उपलब्ध आहे.

```
pdfinfo bedana.pdf
pdffonts bedana.pdf
pdfimages -list bedana.pdf
```

पहिल्या आज्ञेच्या उत्तरात `Page size` ही ओळ पाहावी. तिथे ९६० × ५४० पॉइंट असे आले, तर पान पॉवरपॉइंटच्या रुंद, म्हणजे १६:९ स्लाइडच्या आकाराचे आहे. ७२० × ५४० असेल तर जुन्या ४:३ आकाराचे. ए४ कागदाचा आकार दिसला, तर ती पीडीएफ छपाईच्या मार्गाने तयार झाली असण्याची शक्यता मोठी. नवी फाइल तयार करताना स्लाइडचा आकार आधीच तोच ठेवला नाही, तर पुढे प्रत्येक चौकट पुन्हा जुळवत बसावे लागते.

दुसऱ्या आज्ञेचे उत्तर असे दिसते, येथे केवळ आवश्यक रकाने ठेवले आहेत :

```
name                 type          encoding    emb sub uni
BCDEEE+Mangal        CID TrueType  Identity-H  yes yes yes
BCDFEE+KrutiDev010   TrueType      WinAnsi     yes yes no
```

म्हणजे आपल्या फाइलमध्ये मजकूर दोन प्रकारचा आहे : काही मंगलमध्ये, काही कृतिदेवमध्ये. `uni` या रकान्यातील `yes` म्हणजे फॉन्टमधील आकृतीपासून युनिकोड अक्षराकडे नेणारी सारणी फाइलमध्ये आहे, एवढेच. ती सारणी बरोबर आहे याची हमी त्या शब्दात नाही, आणि मराठीचा खरा प्रश्न नेमका तिथेच सुरू होतो. ज्यांना आज्ञा टाइप करायच्या नाहीत, त्यांना अॅक्रोबॅट रीडरमध्ये `Ctrl+D` दाबून `Fonts` या भागात फॉन्टची हीच नावे पाहता येतात.

तिसऱ्या आज्ञेने तेराव्या ते अठराव्या पानांवर प्रत्येकी एकच मोठे चित्र दाखवले, रुंदी १२८०, उंची ७२० आणि `x-ppi` या रकान्यात ९६. या सहा पानांवर मजकूर नाहीच. ती पाने म्हणजे पूर्ण स्लाइडची चित्रे आहेत. ही पाने कोणत्याही साधनात घातली तरी चित्र म्हणूनच बाहेर येणार. ओसीआर, म्हणजे चित्रातील अक्षरे संगणकाकडून ओळखून घेणे, केल्याशिवाय त्यांतून मजकूर मिळणार नाही.

येथेच एक तपासणी उरकून घ्यावी. लिबरऑफिसमध्ये पीडीएफ करताना `Hybrid PDF (embed ODF file)` हा पर्याय निवडलेला असेल, तर मूळ संपादनयोग्य फाइल पीडीएफच्या पोटातच असते आणि ती पीडीएफ लिबरऑफिसमध्ये उघडली की सारे सादरीकरण जसेच्या तसे मिळते. हा योग क्वचितच येतो, पण तपासायला क्षणभर पुरतो, आणि तो आला तर पुढील सर्व श्रम वाचतात. पॉवरपॉइंटमधून काढलेल्या पीडीएफमध्ये मूळ फाइल अशी जोडली जात नाही.

मंगलमधील मजकूर का विस्कटतो

पीडीएफ हे मुळात पानाचे चित्रण आहे. कोणती आकृती कोणत्या बिंदूवर उमटवायची एवढे त्यात नोंदलेले असते. परिच्छेद, मुद्दे, शीर्षक यांची नोंद बहुधा नसते. इंग्रजीत एका अक्षराला साधारणपणे एकच आकृती असते, त्यामुळे आकृत्यांवरून मजकूर परत मिळवणे सोपे जाते. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण उमटते व्यंजनाच्या आधी. रफार उच्चारात आधी येतो, पण उमटतो नंतरच्या अक्षराच्या डोक्यावर. आणि जोडाक्षरासाठी फॉन्टमध्ये वेगळीच आकृती असते, जिला स्वतःचा युनिकोड क्रमांक नसतो. पीडीएफमध्ये आकृत्या डोळ्यांना दिसणाऱ्या क्रमाने बसतात, आणि परत काढताना त्याच क्रमाने बाहेर येतात.

आपल्या फाइलच्या सातव्या स्लाइडचे शीर्षक ‘बेदाणा निर्मिती’ असे आहे. त्यातील दुसरा शब्द कॉपी करून चिकटवला की असा येतो :

```
िनिमर्ती
```

दोन्ही वेलांट्या आपापल्या व्यंजनांच्या आधी आल्या आहेत आणि रफार ‘मि’च्या पुढे सरकून ‘ती’वर जाऊन बसला आहे. वेलांटी पुढच्या व्यंजनानंतर नेऊन ठेवणारा छोटा प्रोग्राम लिहिता येतो आणि पुष्कळ जण तसे करतात. पण त्याने या शब्दाचे ‘निमिर्ती’ होते, ‘निर्मिती’ होत नाही, कारण रफार अजून चुकीच्या अक्षरावरच असतो. रफारासाठी दुसरा नियम लिहिला, तर ज्या शब्दांत ‘र्’ मूळचाच योग्य जागी आहे ते शब्द बिघडतात. शिवाय ज्या जोडाक्षरांची नोंद सारणीत नाही, ती कॉपी करताना सरळ गळून पडतात, आणि गळलेले अक्षर कोणताही नियम परत आणू शकत नाही. म्हणून मंगल, निर्मला, कोकिळा अशा युनिकोड फॉन्टमधील मराठी पीडीएफचा मजकूर असा विस्कटलेला आढळला, की माझा सल्ला स्पष्ट आहे : त्या पानांचा आतला मजकूर दुरुस्त करण्याचा नाद सोडावा आणि पान चित्ररूपात घेऊन त्यावर ओसीआर करावे. मजकूर आधीच निवडता येत असताना ओसीआर कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण ओसीआर आपल्याप्रमाणेच दिसणारे पान वाचते आणि आतल्या बिघडलेल्या सारणीकडे पाहतही नाही.

कृतिदेवची गोष्ट नेमकी उलटी आहे. तो फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवतो, त्यामुळे `WinAnsi` असे दाखवणाऱ्या फाइलमधून मूळ टाइप केलेली अक्षरे जशीच्या तशी परत मिळतात. ती कृतिदेवमधून युनिकोडमध्ये नेणाऱ्या परिवर्तकात टाकली की मजकूर जवळपास अचूक मिळतो. जुना फॉन्ट म्हणून तो भाग टाकून देऊ नये. अशा पानांवर ओसीआरपेक्षा हाच मार्ग अधिक विश्वासार्ह आहे. श्रीलिपीसारख्या इतर जुन्या फॉन्टांची अक्षररचना मात्र वेगळी असते, म्हणून परिवर्तक त्या त्या फॉन्टसाठीचाच हवा. कृतिदेवच्या परिवर्तकात श्रीलिपीचा मजकूर घातला, तर वाचता न येणारी देवनागरी मिळते.

मजकूर काढणे

मंगलमधील सातव्या स्लाइडसाठी आज्ञा अशा :

```
pdftoppm -r 300 -f 7 -l 7 -png bedana.pdf pan
tesseract pan-07.png p07 -l mar+eng
```

पहिल्या आज्ञेने ते पान इंचाला ३०० बिंदू या घनतेने, म्हणजे ४००० × २२५० बिंदूंचे चित्र होऊन मिळते. दुसरीने `p07.txt` ही मजकुराची फाइल तयार होते. टेसरॅक्ट या ओसीआर करणाऱ्या प्रोग्राममध्ये मराठीची भाषाफाइल, म्हणजे `mar`, वेगळी बसवून घ्यावी लागते. हिंदीची आधीच आहे म्हणून तिच्यावर भागवू नये, कारण ‘ळ’ आणि ‘ॅ’ हिंदी मजकुरात फारसे येत नाहीत आणि द्राक्षबागेविषयीच्या मजकुरात ‘फळ’, ‘ओळ’, ‘ग्रॅम’ हे शब्द पावलोपावली येतात. आज्ञांचा मार्ग नको असेल, तर पीडीएफ गूगल ड्राइव्हवर ठेवून ती गूगल डॉक्समध्ये उघडावी. तिथेही चित्रातील मराठी वाचली जाते, फक्त मांडणी टिकत नाही, आणि आपल्याला पुढे मांडणी नव्यानेच करायची असल्याने त्याने नुकसान होत नाही.

सातव्या स्लाइडवर बेदाण्यासाठी घड बुडवायच्या द्रावणाचे प्रमाण आहे : एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली इथाईल ओलिएट. ओसीआरनंतर शब्दांतील चूक वाचणाऱ्याला लगेच खटकते, ‘ग्रम’ हे ‘ग्रॅम’ असणार हे कळते. आकड्यातील चूक मात्र खटकत नाही. देवनागरी ५ आणि ४ किंवा १ आणि ९ यांची गल्लत झाली, तर तयार झालेला आकडाही तितकाच खरा दिसतो, आणि तो शेतकऱ्याच्या वहीत उतरतो. त्यामुळे ओसीआरमधून आलेला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक एकक मूळ पानाशी ताडून पाहावे, आणि शक्य असल्यास एकाने मूळ पान मोठ्याने वाचावे व दुसऱ्याने नवी स्लाइड पाहावी. हे काम कंटाळवाणे आहे, तरी ते टाळू नये.

तेरा ते अठरा या चित्ररूप पानांसाठी ३०० या घनतेचा काही उपयोग नाही, कारण मूळ चित्रच इंचाला ९६ बिंदूंचे आहे आणि ते मोठे केल्याने नवा तपशील येत नाही. १८ पॉइंटचे अक्षर त्यात जेमतेम चोवीस बिंदू उंच असते. मात्रा आणि अनुस्वार दोन-तीन बिंदूंत मावतात. सहा स्लाइडवर मिळून तीस-चाळीस ओळी असतील, तर ओसीआर करून दुरुस्त करण्यापेक्षा त्या सरळ टाइप करणे मला अधिक योग्य वाटते.

याउलट छापखान्यातून आलेल्या पीडीएफमध्ये पुष्कळदा कोरलड्रॉमध्ये अक्षरांच्या रेषाकृती करून टाकलेल्या असतात. तिथे `pdffonts` एकही फॉन्ट दाखवत नाही आणि `pdfimages` चित्रही दाखवत नाही, तरी पान भरलेले दिसते. अशी पाने ३०० घनतेने काढली की कडा अगदी स्वच्छ येतात आणि ओसीआर उत्तम होते.

ओसीआर केलेल्या पीडीएफविषयी एक गैरसमज येथेच दूर करायला हवा. काही साधने पानाच्या चित्रावर अदृश्य मजकुराचा थर चढवतात. `ocrmypdf` हे त्यांपैकी एक. अशा पीडीएफमध्ये मजकूर शोधता येतो, निवडता येतो, आणि म्हणून ती आता संपादनयोग्य झाली असे वाटते. पण डोळ्यांना दिसते ते अजूनही चित्रच असते. ती पीपीटीएक्समध्ये नेली, तर एकतर केवळ चित्र येते किंवा चित्रातील छापील अक्षरांवर दुसरी अक्षरे चढून येतात. तो थर शोधण्यासाठी आहे, संपादनासाठी नाही.

चित्रे पीडीएफमधून, मांडणी नव्याने

आता चित्रे, पट्ट्या आणि आकृत्या हव्यात. त्यांसाठी लिबरऑफिस चांगले काम करते. आधी त्याच्या उघड्या खिडक्या बंद कराव्यात, नाहीतर आज्ञा काहीच न करता संपू शकते.

```
soffice --headless --infilter="impress_pdf_import" --convert-to pptx bedana.pdf
```

तयार झालेली `bedana.pptx` पॉवरपॉइंटमध्ये उघडून `Alt+F10` दाबावे. उजवीकडे त्या स्लाइडवरील सर्व वस्तूंची यादी दिसते. सातव्या स्लाइडवर चित्रे, आकार आणि मजकुराच्या कितीतरी लहान चौकटी दिसतील, कारण पीडीएफमधील प्रत्येक ओळ, कधी ओळीचा तुकडासुद्धा, स्वतंत्र चौकट झालेला असतो. तेराव्या स्लाइडवर एकच चित्र दिसेल. बाहेरून मिळालेल्या कोणत्याही रूपांतराची परीक्षा या यादीवरून करता येते.

या तुकड्यांवर काम करत बसू नये. लिबरऑफिस ड्रॉमध्ये निवडलेल्या चौकटी एकत्र करण्याची `Consolidate Text` ही सोय आहे आणि इंग्रजी मजकुरासाठी ती उपयोगी पडते. पण आपले तुकडे आतून विस्कटलेल्या मराठीचे आहेत, ते जोडूनही वाचनीय होत नाहीत. म्हणून मजकुराच्या सर्व चौकटी पुसाव्यात आणि चित्रे, बोधचिन्ह, रंगीत पट्ट्या एवढेच ठेवावे. प्रत्येक स्लाइडवर तेच असणारे बोधचिन्ह आणि वरची पट्टी `View` मधील `Slide Master` मध्ये एकदाच बसवावी आणि स्लाइडवरील त्यांच्या प्रती काढून टाकाव्यात.

मजकूर आत आणण्याचा सर्वांत स्वच्छ मार्ग वर्डमधून जातो. दुरुस्त केलेला सगळा मजकूर एका वर्ड फाइलमध्ये ठेवावा; प्रत्येक स्लाइडच्या शीर्षकाला `Heading 1` आणि खालच्या मुद्द्यांना `Heading 2` ही शैली द्यावी. या शैली नसलेला मजकूर पॉवरपॉइंट आत घेत नाही, आणि काही ओळी गायब होण्याचे कारण बहुधा तेच असते. मग `bedana.pptx` मध्ये `Home`, `New Slide` आणि `Slides from Outline` या मार्गाने ती फाइल निवडावी. शीर्षके आणि मुद्दे आपापल्या राखीव चौकटींत बसून नव्या स्लाइड तयार होतात. त्यांवर वर्डमधील फॉन्ट आणि रंग चिकटून आलेले असतात. सर्व स्लाइड निवडून `Reset` दाबले की त्या मास्टरमधील रूप घेतात. त्यानंतर जुन्या स्लाइडवरील चित्रे नव्यांवर नेऊन जुन्या स्लाइड पुसाव्यात.

फॉन्ट म्हणून निर्मला यूआय ठेवावा, कारण तो विंडोज ८ पासून विंडोजसोबतच येतो. मंगल आता विंडोज १० मध्ये देवनागरीच्या पूरक फॉन्टांत गेला आहे आणि प्रत्येक संगणकावर असेलच असे नाही. तो नसला की दुसरा फॉन्ट त्याची जागा घेतो, ओळींची लांबी बदलते आणि मजकूर चौकटीबाहेर जातो.

काम नीट झाले का ते पाहण्यासाठी `View` मधील `Outline View` उघडावे. राखीव चौकटींतील मजकूर तिथे दिसतो. मोकळ्या चौकटींतील मजकूर आणि चित्रातील अक्षरे दिसत नाहीत. अठराही स्लाइडची शीर्षके आणि मुद्दे तिथे सलग वाचता आले, तर फाइल खऱ्या अर्थाने संपादनयोग्य झाली. त्यानंतर `Ctrl+F` ने ‘निर्मिती’ हा शब्द शोधावा. डोळ्यांना दिसणारा शब्द शोधात सापडत नसेल, तर कुठेतरी विस्कटलेला तुकडा किंवा कृतिदेवचा मजकूर अजून शिल्लक आहे.

तक्ते आणि आलेख या मार्गाने परत येत नाहीत. तक्ता म्हणजे सुट्या रेषा आणि सुटे आकडे, आलेख म्हणजे रंगीत आयत, एवढेच पीडीएफमध्ये उरलेले असते. तक्ता चार ओळींचा असला तरी तो पॉवरपॉइंटमध्ये नव्याने घालून आकडे भरावेत. आलेखाच्या स्तंभांवर आकडे छापलेले असतील, तर त्यांवरून नवा आलेख काढता येतो. छापलेले नसतील, तर स्तंभाची उंची मोजून आकडे ठरवू नयेत, मूळ आकडे ज्यांनी सादरीकरण केले त्यांच्याकडून मागवावेत आणि ते मिळेपर्यंत तो आलेख चित्र म्हणूनच राहू द्यावा. चलचित्रण, स्लाइड बदलण्याचे परिणाम आणि वक्त्याच्या टिपा पीडीएफमध्ये नेहमीच्या निर्यातीत येतच नाहीत, त्यामुळे त्या शोधण्यात वेळ घालवू नये. एकामागून एक येणारी चित्रे मूळ स्लाइडवर एकाच जागी ठेवलेली असतील, तर रूपांतरानंतर ती एकमेकांवर रचलेली सापडतात. अशी स्लाइड आढळली की `Alt+F10` च्या यादीतून एकेक चित्र लपवून खालचे पाहावे, आणि ज्या क्रमाने ती समजावून सांगायची आहेत त्या क्रमाने स्वतंत्र स्लाइडवर ठेवावीत.